करंगळी बधिर होते तेव्हा कोपर तपासा

"पडवीच्या कठड्यावर डावं कोपर टेकून बसलो की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हार्टचं तर काही नसेल ना?"

कोपर टेकल्यावरच होत असेल आणि हात सरळ केला की जात असेल, तर बहुतेक ही कोपरातल्या अल्नर नावाच्या नसेची तक्रार आहे. छातीत दाब, घाम किंवा धाप सोबत असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या मागच्या खोबणीतून ही नस जाते आणि तिथे तिच्यावर जवळजवळ नुसती कातडीच असते. चौकटीवर कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जो करंट जातो, तो तिचाच. कठड्यावर टेकलं की ती हाड आणि लाकूड यांच्यामध्ये चेपते. त्यात कोपर दुमडलेलं असेल, तर ती उंचवट्याला वळसा घालताना ताणली जाते आणि खोबणीवरचा पट्टाही आवळतो. नसेला रक्त कमी पडतं, संदेश अडतात. दाब काढला की थोड्या वेळात बोटं जागी होतात. पण रोज तासन्‌तास असंच झालं, तर नसेवरचं आवरण खराब होतं आणि ते भरायला आठवडे किंवा महिने लागतात.

मी देवगडात फिजिओथेरपिस्ट आहे. मे महिन्यात एक आंबा बागायतदार आले होते. हंगामात रोज तीन-चार तास वाशीला फोन, कोपर टेबलावर, मोबाइल कानाला. रात्रीही हात दुमडून उशीखाली. डोळे मिटायला सांगून मी कापूस फिरवला. अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर, मधल्या बोटाकडची शाबूत. बोटाच्या मधोमध अशी रेघ पडली की माझा मानेवरचा संशय दूर होतो, कारण मानेतली नस दबली तर सहसा सगळी अनामिका आणि कोपराखालचा आतला भागही बधिर होतो. त्यांच्या हाताच्या पाठीवरही करंगळीच्या बाजूला कमी कळत होतं. तिथली फांदी मनगटाच्या आधीच फुटते, म्हणजे बिघाड मनगटात नव्हता, वर होता. उंचवट्यामागे बोटाने टकटक केली आणि झिणझिण्या करंगळीत उतरल्या.

घरी ते रोज खोबरेल लावून तीच जागा रगडत होते. ते आधी थांबवलं, कारण चेपलेल्या नसेला ते आणखी चेपणंच होतं. फोनला इअरफोन, टेबलावर कोपर टेकायचं नाही, आणि रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपायचं, म्हणजे ते पूर्ण दुमडत नाही. दीड महिन्यात बधिरपणा गेला.

तुम्ही घरी एक करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकत असेल, त्या दोन बोटांमधलं मांस खोल गेलेलं दिसत असेल, किंवा बधिरपणा दिवसभर टिकत असेल, तर टॉवेलवर थांबू नका. हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवून नसेची तपासणी करून घ्या. झिजलेला स्नायू उशीर झाल्यावर पूर्ण भरून येईलच असं नसतं.