पहिल्या हिवाळी सत्राची बॅग : जर्मनीला निघालेल्या मित्रास पत्र

प्रश्न : मी परभणीचा. सप्टेंबरअखेरीस एम.एस.साठी जर्मनीला निघतोय, पहिलंच हिवाळी सत्र. घरचे म्हणतात जाड जॅकेट, बूट, रजई सगळं इथूनच घे. थंडीसाठी नक्की काय काय न्यावं?

उत्तर :

माझा वसतिगृहातील एक मित्र ड्रेस्डेनला निघाला होता, तेव्हा मी त्याला याच विषयावर पत्र लिहिले होते. मी स्वतः त्याआधी तिथे शिकून आलो होतो. त्यातील खाजगी मजकूर वगळून ते पत्र खाली देत आहे, कारण तुमची आणि त्याची परिस्थिती जवळजवळ सारखीच आहे.

प्रिय मित्रा,

तुझ्या यादीत सर्वात वर जाड जॅकेट, त्याखाली बूट आणि त्याखाली आईने भरून दिलेली रजई आहे. या तिन्ही वस्तू काढून टाक. तू जानेवारी डोळ्यांसमोर ठेवून बॅग भरतो आहेस, पण उतरणार आहेस सप्टेंबरच्या शेवटी. तिथे हिवाळी सत्र अधिकृतपणे 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून भरतात. त्या दिवसांत ड्रेस्डेनला दुपारी 13-14 अंश आणि रात्री 6-7 अंश तापमान असते, म्हणजे परभणीच्या थंडीतील पहाटेसारखे. खरी कडक थंडी साधारण डिसेंबरपासून पडते. मधले दोन महिने तुला तिथल्या दुकानांत फिरून, तिथली माणसे काय घालतात ते पाहून, अंगावर घालून खरेदी करण्यासाठी मिळतात. म्हणून बॅग ऑक्टोबरसाठी भर.

याला वजनाचाही हिशेब आहे. बऱ्याच तिकिटांवर एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असते. विद्यार्थी सवलतीत कधी दुसरी बॅग मिळते, कधी नाही, ते तिकिटावरच पाहून घे. जाड जॅकेट सव्वा ते दीड किलो, बुटांची जोडी तेवढीच आणि रजई तीन किलोच्या आसपास. म्हणजे एकाच बॅगेतील सहा किलो तू अशा वस्तूंना देणार, ज्या तिथे अधिक चांगल्या मिळतात. शिवाय तू निघशील तेव्हा आपल्याकडे गरम कपड्यांचा हंगामही लागलेला नसेल. हिवाळ्यात भरणारा तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार सप्टेंबरात नसतो, आणि संभाजीनगरच्या गुलमंडीतील दुकानांत तेव्हा गेल्या वर्षीचा उरलेला माल असतो.

आता तू म्हणशील, आपल्यालाही थंडी माहीत आहे, परभणीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा आपण शेकोट्या पेटवून बसतोच. ते खरे आहे, पण आपली थंडी पहाटेची असते. दहा वाजता ऊन तापले की स्वेटर काढून कमरेला बांधतो. ड्रेस्डेनच्या जानेवारीत दिवसाचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास घुटमळते, कडाक्याच्या रात्री उणे पाच किंवा त्याहून खाली जाते, डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवून चारला मावळतो, आणि दुपारच्या उन्हाने अंग तापेल ही आशा ठेवता येत नाही. त्यात हवा ओलसर. बर्फ पडतोच असे नाही. पुष्कळदा पाऊस आणि बर्फ यांच्या मधले काहीतरी पडते आणि तेच जास्त त्रास देते.

याच्या उलट घरातली गोष्ट. वर्ग, ग्रंथालय, ट्राम, खोली, सगळीकडे हीटर असतो आणि आतील तापमान वीस-एकवीस अंश असते. त्यामुळे एकच प्रचंड जाड स्वेटर घातला की बाहेर तो पुरत नाही आणि आत तो सोसत नाही. आत घाम येतो, तो कपड्यांत मुरतो, आणि पुन्हा बाहेर पडल्यावर ओल्या कपड्यामुळे अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. पहिल्या हिवाळ्यात आपली मुले गारठतात तेव्हा त्यांनी कपडे कमी घातलेले असतात असे नाही. सकाळी घामाने भिजलेला बनियन दिवसभर अंगावर राहिलेला असतो.

म्हणून थर हवेत, आणि प्रत्येक थराचे काम वेगळे हवे. अंगालगतच्या थराने घाम शोषून न ठेवता बाहेर सोडायचा असतो. आपण कापसाच्या मुलखातले, सुती बनियनाशिवाय आपल्याला करमत नाही, पण या एका जागी सूत चालत नाही, कारण ते ओले झाले की ओलेच राहते. पॉलिएस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल घे. आपल्याकडे थर्मल म्हणून जे विकले जाते त्यातील बरेचसे सूतमिश्रित असते, तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर न जाता आतील पट्टीवर सुताचे प्रमाण वाच. निम्म्याहून अधिक सूत असेल तर ठेवून दे. वर-खाली मिळून दोन जोड पुरेत, कारण हे कापड रात्री धुतले की सकाळपर्यंत वाळते. मधल्या थराने हवा अडकवून ठेवायची असते. त्यासाठी फ्लीसचा पूर्ण चेन असलेला एक कोट आणि एक लोकरी स्वेटर. चेन महत्त्वाची आहे, कारण वर्गात गेल्यावर कपडा डोक्यावरून ओढून काढण्यापेक्षा चेन उघडणे सोपे. बाहेरच्या थराने वारा आणि पाणी अडवायचे असते, आणि तो तू तिथेच घेणार आहेस. ऑक्टोबरपुरते इथले साधे पावसाळी जॅकेट फ्लीसवर चालते. ते मात्र ने, कारण पाऊस तुला पहिल्याच आठवड्यात गाठेल.

एक सकाळ घेऊन सांगतो. जानेवारी, बाहेर उणे सहा, ट्रामसाठी दहा मिनिटे थांबायचे आहे. थर्मल, त्यावर साधा शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारे जॅकेट. खाली थर्मलवर पॅन्ट. कानटोपी, मफलर, हातमोजे. ट्राममध्ये चढताच जॅकेटची चेन उघडायची आणि टोपी काढायची, वर्गात शिरताच जॅकेट आणि फ्लीस खुर्चीला अडकवायचे. राहिला शर्ट आणि थर्मल, तेवढे वीस अंशांना ठीक असते. थर जास्त झाले की कमी, हे ओळखण्यासाठी मानेच्या मागे कॉलरच्या आत हात घाल. तिथे ओल लागली तर एक थर काढ. बोटे गार लागतात म्हणून लगेच आणखी स्वेटर चढवू नकोस, आधी कान आणि मान झाकलेली आहेत का ते पाहा.

जॅकेट निवडताना तिथे तीन गोष्टी पाहा. लांबी कमरेच्या खाली हवी, टोपी जॅकेटलाच जोडलेली हवी, आणि आतील भरणी कसली आहे ते विचारायचे. पिसांची भरणी हलकी आणि फार उबदार असते, पण भिजली की चपटी होऊन ऊब जाते. ओलसर, शून्याच्या आसपासच्या हिवाळ्यात कृत्रिम धाग्याची भरणी अधिक भरवशाची. फ्लोमार्क्ट म्हणजे तिथला जुना बाजार. तिथे आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली जॅकेटे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि नव्या जॅकेटांचे भाव जानेवारीत उतरतात. पण जानेवारीची वाट पाहत डिसेंबर कुडकुडत काढू नकोस.

बुटांबद्दल तुझा हट्ट मला ठाऊक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इथे बूट घेताना तू पातळ पायमोज्यांवर माप देणार. तिथे जाड लोकरी मोजे घातल्यावर तोच बूट आवळेल, आणि आवळलेल्या बुटात पाय जास्त गारठतो, कारण रक्त नीट फिरत नाही आणि बोटांभोवती हवाही उरत नाही. याच कारणाने दोन मोजे एकावर एक चढवणेही उलटे पडते. म्हणून इथून चार जोड लोकरमिश्रित जाड मोजे ने, ते घालूनच तिथल्या दुकानात बूट बघ, आणि पुढे अंगठाभर जागा ठेव. तळ खोल खाचांचा हवा. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज कोरड्या रस्त्यावर चालतात, पण रात्रीचा पाऊस पहाटे गोठला की रस्त्यावर काचेसारखा पातळ थर बसतो, तो दिसत नाही, आणि माणूस मनगटावर पडतो. ऑक्टोबरपुरते तुझे नेहमीचे बूट पुरेत.

रजईऐवजी एक सोलापुरी चादर ठेव. वसतिगृहाच्या खोलीत पलंग असतो, पण पांघरूण असेलच असे नाही, आणि जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी रात्री पोहोचलास तर सोमवारपर्यंत ती चादर आणि फ्लीस यांवरच काढावे लागेल. रविवारी रेल्वे स्थानकातील काही दुकाने उघडी असतात, तिथे खायला मिळते, पांघरूण मिळत नाही.

खाण्याचे थोडक्यात. काळा मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची कोरडी चटणी, ज्वारीचे पीठ, हे न्यायला हरकत नाही. तूप, खवा, कुंथलगिरीचे पेढे मात्र काढ. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. खोबरेल तेल नेलेस तर लक्षात ठेव की ते 24 अंशांच्या खाली थिजते, तेव्हा अरुंद तोंडाची बाटली निरुपयोगी. रुंद डब्यात भर. हीटरमुळे घरातील हवा कोरडी होते आणि ओठ, हात फुटतात, त्यामुळे ते रोज लागेल. चार्जरच्या दोन गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांची इस्त्री किंवा कुकर बसत नाही.

शेवटी हातातल्या बॅगेविषयी. मोठी बॅग विमान बदलताना मागे राहून दोन दिवसांनी येणे, ही फार दुर्मिळ घटना नाही. म्हणून एक थर्मल जोड, फ्लीस, मोज्यांची एक जोडी, कानटोपी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेहमीची औषधे हातातल्या बॅगेत ठेव. पावसाळी जॅकेट अंगावरच घालून विमानात बस. प्रवेशपत्र, विम्याचे आणि घरभाड्याचे कागद हातातल्या बॅगेतच एका प्लास्टिकच्या पिशवीत.

तुझा
खोलीतला जोडीदार