आजीच्या घरातलं भाषण

“स्लाइड समोर असली की मी छान बोलते. ती नसली की पुढचा मुद्दाच सुचत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?”

हा प्रश्न मी फार जणांकडून ऐकते. डोंबिवलीहून परळला नोकरीला जाणाऱ्या एकीनेही तो विचारला (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मालपोचवणीच्या तक्रारींबद्दल तिला वरिष्ठांपुढे बारा मिनिटं बोलायचं होतं, तेही स्लाइडशिवाय. तयार स्लाइड होत्या सव्वीस.

मी त्या बंद करायला लावल्या. “सातव्या स्लाइडवर काय आहे?” सांगता येईना. स्लाइड शंभरदा वाचली की ती ओळखीची होते, पण न बघता आठवणं ही वेगळी क्रिया आहे. तिने ती कधी केलीच नव्हती.

मग प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारला: ही काढली तर ऐकणाऱ्यांचा कुठला निर्णय बदलेल? उरले पाच मुद्दे. आकड्यांचा मोठा तक्ता आम्ही कागदावर वाटायला ठेवला, तो डोक्यात ठेवण्यात अर्थ नव्हता.

एकेका मुद्द्याचं चित्र मनातल्या मनात ओळखीच्या वाटेवरच्या एकेका जागी ठेवायचं, ही युक्ती जुन्या ग्रीक-रोमन वक्त्यांची. तिने रोजची लोकल निवडली आणि दोनदा अडखळली. “विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप... नावं पाठ आहेत हो, पण डोळ्यांपुढे काहीच येत नाही. गाडी फास्ट असते, आणि मी गर्दीत.”

तिथे मलाही उलगडलं. नावांचा क्रम म्हणजे जागा नव्हे. पाय जिथे थांबले, हात जिथे लागला, तीच जागा मुद्दा धरून ठेवते.

“लहानपणी कुठल्या घरात डोळे मिटून फिरता यायचं?”

“आजीची चाळ, चिंचपोकळीला,” ती लगेच म्हणाली.

जिना, गॅलरी, पाण्याचं पिंप, कपाट, खिडकी. गोदामाच्या फाटकावर ट्रक चार तास खोळंबतात, म्हणून जिन्याच्या चार पायऱ्यांवर चार ट्रक अडकले. गॅलरीत लोणच्याच्या बरण्या फुटल्या: पॅकिंग कच्चं. पिंपात तीन फोन वाजत तरंगू लागले: तीन दिवस तक्रारीला उत्तर नाही. कपाट उघडताच हजेरीपटांचा ढिगारा अंगावर आला: रात्रपाळीला माणसं कमी. खिडकीत मागणी: आणखी एक रात्रपाळी. मी देव्हारा सुचवला होता. “तिथे तक्रारी नको,” ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

वाक्यं मी पाठ करू दिली नाहीत. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं. प्रत्येक जागेचं फक्त पहिलं वाक्य ठरवलं. सराव उलटा करून घेतला, खिडकीपासून जिन्यापर्यंत, मग मध्येच टोकून. टोकल्यावर पुन्हा जिन्यापासून सुरुवात करावी लागली, तर वाट अजून पक्की झालेली नाही असं समजावं. आणि पुढच्या आठवड्यातल्या भाषणाला हेच घर वापरू नये, जुने ट्रक तिथेच उभे असतात.

सभेत तिला तिसऱ्या मुद्द्यावर एका संचालकांनी अडवलं. पाच मिनिटं चर्चा भरकटली. “मग मी पिंपाकडे बघितलं,” तिने फोनवर सांगितलं, “फोन अजून वाजत होते.”