सीरमच्या खोट्या एक-स्टार रिव्ह्यूंचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही जळगावहून 30 मिलीचं व्हिटॅमिन सी फेस सीरम ऑनलाइन विकतो. माल लायसन्सवाल्या कारखान्यातून बनवून घेतो. मे महिन्यात चार दिवसांत नऊ एक-स्टार रिव्ह्यू पडले. 60 रेटिंगवर 4.4 होतं, ते 4.0 वर आलं. काही तर सरळ खोटे आहेत. सगळे रिपोर्ट केले, एकही निघाला नाही. आता काय करायचं?

उत्तर: तुमचे रिपोर्ट वाया गेले, कारण सगळ्यांत एकच तक्रार होती: हे खोटं आहे. नुसतं 'खोटं आहे' म्हटल्यावर साइट सहसा रिव्ह्यू काढत नाही. त्या मजकुराने साइटचा कोणता नियम मोडला, एवढंच ती बघते. त्यामुळे नऊच्या नऊ एकत्र रिपोर्ट न करता आधी ते निवडायचे. धान्य निवडतो तसं, एकेक हातात घेऊन.

एका शीटमध्ये नऊ ओळी करा. अ‍ॅमेझॉनवर रिव्ह्यूच्या शीर्षकावर क्लिक केलं की तो वेगळ्या पानावर उघडतो आणि त्याच्या लिंकमध्ये R ने सुरू होणारा आयडी दिसतो. तो आयडी, तारीख, Verified Purchase ही खरेदीची खूण आहे की नाही, फोटो आहे की नाही आणि मजकूर जसाच्या तसा, एवढं लिहून घ्या. स्क्रीनशॉट आजच काढा, कारण लिहिणारा मजकूर नंतर बदलू शकतो. फ्लिपकार्टवर Certified Buyer च्या पुढे बहुतेक वेळा गावाचं नाव असतं. त्या तारखेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत त्या गावाला तुमचं पार्सल गेलंय का, हे ऑर्डरच्या यादीत लगेच दिसतं. नाव मात्र जुळवत बसू नका. रिव्ह्यूवरचं नाव आणि ऑर्डरवरचं नाव क्वचितच एक असतं, आणि त्यावरून 'हा आमचा ग्राहकच नाही' असं ठरवलंत तर फसाल.

आता उदाहरण म्हणून धरू, की नऊपैकी दोघांनी 'पार्सल आठ दिवस उशिरा आलं', 'खोका चेपलेला होता' एवढंच लिहिलंय. तिघांनी एकाच संध्याकाळी अर्ध्या तासात लिहिलंय, खरेदीची खूण नाही, आणि तिघांनीही शेवटी एकाच दुसऱ्या ब्रँडचं सीरम घ्या असं सुचवलंय. दोघांनी तपकिरी झालेल्या सीरमचा फोटो टाकलाय. एकीने चेहरा जळाला म्हणून लिहिलंय. आणि एकाने 'पंधरा दिवस लावलं, काही फरक नाही'.

पहिले दोन सगळ्यात सोपे. अ‍ॅमेझॉनच्या नियमांनुसार प्रॉडक्ट रिव्ह्यूमध्ये विक्रेता, ऑर्डर किंवा डिलिव्हरीबद्दलची तक्रार चालत नाही. रिव्ह्यूखाली Report दाबा आणि Off topic निवडा. मात्र त्यात 'आणि सीरमही चिकट आहे' असं एक वाक्य जरी मालाबद्दल असलं, तर तो रिव्ह्यू बहुधा राहतोच.

हीच तक्रार प्रॉडक्टखाली नसून तुमच्या दुकानाच्या सेलर फीडबॅकमध्ये आली असेल, तर वाट वेगळी आहे. सेलर सेंट्रलच्या Feedback Manager मधून 90 दिवसांच्या आत ती काढून टाकण्याची विनंती करता येते. तिथे नियम उलटा चालतो: फीडबॅकमध्ये फक्त मालाबद्दलच लिहिलं असेल तर तो काढतात. पार्सल अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून गेलं असेल, तर उशिराचा दोष तुमच्या माथी राहत नाही. हे दोन प्रकार अनेक जण एकच समजतात आणि चुकीच्या खिडकीत अर्ज करतात.

दुसरे तीन मात्र खरोखरच खोटे दिसतात. इथे एकेक रिव्ह्यू वेगळा दाखवून उपयोग नाही, कारण एकटा वाचला तर तो रागावलेल्या ग्राहकाचाच वाटतो. तिघांमधलं साम्य हाच पुरावा आहे. Report मधून Fake निवडाच, पण त्याशिवाय सेलर सेंट्रलच्या Report Abuse फॉर्ममधून तिन्ही आयडी एकत्र द्या. इंग्रजीत लिहा, आठ-दहा ओळींच्या वर नको. आशय असा ठेवा: 'हे तीन रिव्ह्यू एकाच दिवशी अर्ध्या तासाच्या आत आले. तिन्हींवर खरेदीची खूण नाही. तिन्हींमध्ये एकाच ब्रँडची शिफारस आहे, वाक्यं पुढे दिली आहेत. हा ठरवून केलेला प्रचार आहे असं आमचं म्हणणं आहे, कृपया तपासावं.' त्या ब्रँडच्या मालकाने हे केलं असा आरोप करू नका. ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि अर्जाचा रोख मजकुरावरून माणसावर गेला की अर्ज कमकुवत होतो. रिव्ह्यू अहिराणीत असेल, 'तोंड जळी गयं' यासारखा, तर खाली इंग्रजीत अर्थ द्या. तपासणाऱ्याला ती बोली येत असेल असं गृहीत धरू नका.

घरच्या वीस जणांकडून तोच रिव्ह्यू रिपोर्ट करवून घेण्याचा सल्ला खूप फिरतो. करू नका. रिपोर्टच्या संख्येने रिव्ह्यू निघत नाही, आणि एकाच घरच्या वायफायवरून गेलेल्या रिपोर्टांनी संशय तुमच्यावरच येऊ शकतो.

दोन आठवड्यांत काही हललं नाही, तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याचं नाव आणि ईमेल साइटवर दिलेलं असतं. 2021 च्या आयटी नियमांनुसार अशा तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला आणि निपटारा ठरलेल्या मुदतीत व्हायला हवा. आधीच्या अर्जाचा केस नंबर त्यात नक्की टाका. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी IS 19000 हे मानक काढलंय, पण ते ऐच्छिक आहे. पत्रात उल्लेख करायला हरकत नाही, त्याच्या जोरावर रिव्ह्यू निघेल अशी आशा ठेवू नका. आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'पैसे द्या, रिव्ह्यू काढून देतो' म्हणाला, तर एक रुपया देऊ नका. तो मेसेज जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

आता तपकिरी सीरमवाले दोन. हे तुम्ही 'खोटे'मध्ये टाकले असणार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. तुमच्या कारखान्याकडून विचारून घ्या, की सीरममध्ये एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आहे की त्याचं एखादं टिकाऊ रूप. एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल उष्णता, उजेड आणि हवा लागली की ऑक्सिडाइज होतं. आधी फिकट पिवळं, मग चहासारखं, मग तपकिरी. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे पारा 45 च्या आसपास, आणि बंद पत्र्याच्या कुरिअर गाडीत दुपारी त्याहूनही जास्त. बाटली तुमच्याकडून पाण्यासारखी नितळ निघाली आणि ग्राहकाकडे तपकिरी पोहोचली, हे अगदी शक्य आहे. ग्राहकाने 'नकली माल' लिहिलं. शब्द चुकला असेल, पण हातात आलेली बाटली खराबच होती.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फोटोत बाटलीवरचा बॅच नंबर दिसतो का बघा. त्याच बॅचच्या दोन सीलबंद बाटल्या घ्या, एक फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसरी पार्सलच्या खोक्यात पॅक करून चार दिवस गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मग दोन्हीतला एकेक थेंब पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी टाका. रंगात फरक दिसला, तर हे दोन रिव्ह्यू रिपोर्ट करायचेच नाहीत. त्या बॅचचा उरलेला माल थांबवा, नाहीतर जूनमध्ये असेच आणखी येतील. पुढच्या बॅचला ड्रॉपरऐवजी हवा आत न घेणारी पंपबाटली आणि उजेड न जाणारं आवरण मागा, किंवा सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटसारख्या जास्त टिकणाऱ्या रूपाबद्दल कारखान्याशी बोला. तोवर उन्हाळ्यात एकदम मोठा साठा गोदामात पाठवू नका. दर बॅचच्या चार-पाच बाटल्या तारीख टाकून जपून ठेवायची सवय लावा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.

चेहरा जळाल्याचा रिव्ह्यूही रिपोर्टमध्ये नको. एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं सीरम आम्लधर्मी असावं लागतं, साधारण 3.5 पीएचच्या खाली. नाजूक किंवा नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेला ते झोंबतंच. दोन-चार मिनिटं चुणचुणणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशीही लाली-सूज राहणं वेगळं. साइटने ग्राहकाशी बोलायची सोय दिली असेल तर तिथूनच तीन गोष्टी लिहा: वापर थांबवा, सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि बॅच नंबर कळवा. 'तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल' हे वाक्य लिहू नका. जळजळ होत असलेल्या बाईला ते दोष दिल्यासारखं वाटतं. पार्सलच्या पत्त्यावरून नंबर शोधून फोन तर मुळीच करू नका, तो नियमभंग आहे. एकाच बॅचवर अशा दोन-तीन तक्रारी आल्या, तर कारखान्याकडे त्या बॅचचा पीएच मागा आणि उत्तर येईपर्यंत विक्री थांबवा. लिस्टिंगमध्ये आणि खोक्यावर पॅच टेस्ट लिहा: कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 ते 48 तास थांबणे.

शेवटचा, पंधरा दिवसांचा. अन्याय आहे, पण नियमात बसतो, म्हणून निघणार नाही. व्हिटॅमिन सीचा परिणाम दिसायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तुमच्या फोटोवर 'सात दिवसांत डाग गायब' असं काही लिहिलं असेल, तर हा रिव्ह्यू तुम्हीच मागवलाय. ती ओळ आजच काढा.

आता हिशोब. 60 रेटिंगची बेरीज 264. त्यात नऊ एक-स्टार मिळाले की 69 वर 273, म्हणजे 3.96. पाच निघाले तर 64 वर 268, म्हणजे 4.19. तिथून 4.3 ला जायला अकरा पाच-स्टार लागतात. अ‍ॅमेझॉन साधी सरासरी काढत नाही, ताजेपणा आणि खरेदीची खूणही धरतं, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

हे अकरा नातेवाइकांकडून आणू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकणं मना आहे, आणि साइटला कळलं तर खातं जातं. '5 स्टार द्या, 50 रुपये मिळवा' अशी चिठ्ठी खोक्यात टाकणंही साइटच्या नियमांत बसत नाही. ऑर्डरच्या पानावर Request a Review हे बटण आहे. माल पोहोचल्यापासून 5 ते 30 दिवसांत ते दाबता येतं आणि मेसेज अ‍ॅमेझॉनच पाठवतं. सीरमसाठी पाचव्या दिवशी दाबू नका, तोवर कुणी ते धड वापरूनही पाहिलेलं नसतं. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास दाबा, आणि खराब बॅचच्या ऑर्डरी त्यातून वगळू नका: त्या ग्राहकांना आधी बदली बाटली किंवा पैसे परत द्या, मगच बटण दाबा.