सौम्य, विरल की दुर्बल? ॲसेटिक आम्लाचा सामू काढता काढता

«मुलगा बारावीत आहे. शिकवणीतले सर वीक ॲसिडला मराठीत 'सौम्य आम्ल' म्हणतात. पण प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटलीवर 'सौम्य' म्हणजे डायल्यूट. मुलानं 0.1 मोलार ॲसेटिक ॲसिडचा सामू 1 काढला, सरांनी चूक दिली. तो म्हणतो, 0.1 म्हणजे सौम्यच ना, मग सौम्याचं आणखी सौम्य काय करायचं? बरोबर शब्द कोणता?»

वीकला दुर्बल, डायल्यूटला विरल. 'सौम्य' हा शब्द मी आम्लाच्या बाबतीत तोंडातून काढतच नाही, कारण तो दोन्हीकडे कामाला लावलाय आणि म्हणून कुठलंच काम धड करत नाही. तुमच्या मुलाची चूक गणिताची कमी आणि या शब्दाचीच जास्त आहे.

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. तिथल्या कपाटात जुन्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या: 'सौ. गंधकाम्ल', 'सौ. हायड्रोक्लोरिक आम्ल'. पोरं हसायची, की या कोण सौभाग्यवती? तो 'सौ.' म्हणजे सौम्य, आणि सौम्य म्हणजे इथं पाणी घालून पातळ केलेलं. आता गंधकाम्ल कितीही पातळ करा, ते जातीनं तीव्रच. उलट त्याच कपाटात खालच्या फळीवर ग्लेशियल ॲसेटिक आम्लाची बाटली होती. त्यात पाणी जवळजवळ नाहीच, लिटरला 17 मोलच्या वर आम्ल, कातडीवर सांडलं तर फोड येणार. आणि हे मात्र पुस्तकाप्रमाणे 'सौम्य आम्ल'! हायड्रोफ्लोरिक आम्लाचं तर विचारूच नका. काच खातं, कातडीतून आत उतरतं, आणि वर्गवारीत वीक. त्याला सौम्य म्हणणं म्हणजे नागाला गरीब म्हणण्यासारखं.

कोल्हापुरात हा फरक समजावायला लांब जावं लागत नाही. पांढरा रस्सा मुळातच तिखटाला कमी. तांबड्यात तांब्याभर पाणी ओतलं तर तोही जिभेला कमी लागेल, पण म्हणून त्याला कुणी पांढरा म्हणणार नाही. पहिला स्वभावाचा मामला, दुसरा पाण्याचा. 'विरल' हा आपल्या 'विरळ'चाच संस्कृत भाऊ. शेतात दाट उगवलेली रोपं उपटून विरळणी करतात, तेव्हा रोपाची जात बदलत नाही, वाफ्यातली गर्दी कमी होते. लिटरमागे रेणूंची गर्दी किती, हे विरल आणि संहत हे शब्द सांगतात. त्यातला एकेक रेणू आपला हायड्रोजन आयन किती सहज सोडतो, हे तीव्र आणि दुर्बल सांगतात.

आता मुलाचं उदाहरण. 0.1 मोलार हा आकडा फक्त गर्दीचा. त्यावरून सरळ सामू 1 काढणं म्हणजे झाडून सगळे रेणू फुटले असं धरणं. हायड्रोक्लोरिक आम्लाला ते लागू पडतं, ॲसेटिकला नाही. त्याचा स्वभाव सांगणारा आकडा वेगळा असतो, विचरण स्थिरांक Ka. 'विचरण' शब्द मला फार आवडतो. विचरणे म्हणजे मोकळं हिंडणं. रेणूतले दोन भाग एकमेकांना सोडून पाण्यात हिंडायला लागतात, नष्ट काही होत नाही, आणि भेटले की परत जुळतात. काहीजण इथं 'विघटन' म्हणतात, पण त्यातून पदार्थ मोडून संपल्याचा भास होतो. ॲसेटिक आम्लासाठी 25 अंश सेल्सिअसला Ka आहे 1.8 × 10⁻⁵. संख्या अशी इवलीशी, म्हणजे हिंडणारे थोडे आणि घरी बसलेले पुष्कळ.

लिटरमध्ये x मोल फुटले असं धरू. मग x हायड्रोजन आयन, x ॲसिटेट आयन, आणि न फुटलेलं आम्ल 0.1 − x.

```
Ka = x² / (0.1 − x) = 1.8 × 10⁻⁵
```

x फारच लहान निघणार असा अंदाज बांधून खालचा वजा x सोडून देतात. मग x² = 1.8 × 10⁻⁶, वर्गमूळ काढलं की x = 1.34 × 10⁻³. सामू म्हणजे या संख्येचा ऋण लॉग, 2.87. आणि किती टक्के फुटलं? 0.00134 भागिले 0.1, म्हणजे 1.34 टक्के. शंभर रेणूंतला जेमतेम एक आणि वर थोडा. सोडून दिलेला x मूळ 0.1 च्या पाच टक्क्यांच्या आत आहे, तेव्हा अंदाज चालला. मुलाचं उत्तर 1 आणि खरं 2.87 यांत पावणेदोनच्या वर फरक, आणि सामूची पट्टी लॉगची. म्हणजे त्यानं हायड्रोजन आयन सुमारे पंचाहत्तर पट जास्त धरले.

खरी गंमत पाणी घातल्यावर होते, आणि माझं रश्श्याचं उदाहरण तिथं तोकडं पडतं. 0.1 मोलारचं 0.01 करा. ॲसेटिक आम्ल आता 4.15 टक्के फुटतं. 0.001 केलं तर 12.5 टक्के. जितकं विरल, तितका फुटलेल्यांचा वाटा मोठा. पांढऱ्या रश्श्यात पाणी घातल्यानं उरलेली मिरची जास्त झोंबते असं काही कधी झालेलं नाही. कारण साधं आहे. फुटायला रेणू एकटा पुरतो, पण परत जुळायला दोघांची गाठ पडावी लागते. दहापट पाणी घातलं की, वाटा तोच राहिला असता तर, लिटरमागे फुटणं दहापट कमी होईल. गाठीभेटी मात्र शंभरपट कमी होतील, कारण दोन्ही बाजूंची गर्दी दहापट घटली. हिशेब फुटण्याच्या बाजूनं झुकतो आणि नवीन तोल सापडेपर्यंत वाटा वाढतो. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डनं 1888 मध्ये सूत्रात बांधला तो हाच हिशेब.

इथं दोन ठिकाणी पोरं हमखास आपटतात. एक म्हणजे 'विचरणाची टक्केवारी वाढली, म्हणजे आम्ल जोरदार झालं' असं लिहितात. तसं होत नाही. 0.1 मोलारचा सामू 2.87, 0.01 चा 3.38, 0.001 चा 3.90. सामू वर चाललाय, म्हणजे आंबटपणा उतरतोच आहे. वाटा वाढला तरी वाटायचं मूळ धनच दहापट घटलं. मात्र तीव्र आम्लाचा सामू दर दहापट पाण्याला पुरा 1 नं चढतो, आणि हे जेमतेम अर्ध्यानं. दुर्बल आम्ल ओळखायची ही चांगली खूण आहे. फक्त ती सामू कागदावर नीट दिसत नाही, मीटर लागतो.

दुसरी आपटी त्या सोडून दिलेल्या x ची. 0.001 मोलारला वर्गमुळाची वाट धरली तर 13.4 टक्के येतात. पाचाची मर्यादा ओलांडली, म्हणजे अंदाज फसला, तेव्हा वर्गसमीकरण पुरं सोडवायचं:

```
x² + 1.8×10⁻⁵ x − 1.8×10⁻⁸ = 0
x = 1.25 × 10⁻⁴
```

तेव्हा 12.5 टक्के हाती लागतात. सामूत फरक किरकोळ, 3.87 ऐवजी 3.90, त्यामुळे चूक नुसत्या सामूवरून लक्षात येत नाही. ती टक्केवारीत दिसते. म्हणून मी पोरांना आधी टक्के काढून मग सामू लिहायला लावत असे. 0.0001 ला तर वर्गमूळ 42 टक्के म्हणतं आणि खरं उत्तर 34 च्या आसपास येतं.

मुलाला शब्दांचा फरक डोळ्यांनी दाखवायचा असेल, तर कॉलेजात सरांच्या देखत दोन चंचुपात्रं मांडायला सांगा. एकात 0.1 मोलार ॲसेटिक आम्ल. दुसऱ्यात 0.1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचे 13.4 मिलिलिटर, वर पाणी घालून लिटरभर केलेले, त्यातलं थोडं. मीटर दोन्हीकडे 2.87 च्या आसपासच आकडा दाखवेल. एक दुर्बल, दुसरं तीव्र पण चांगलंच विरल, आणि सामूवरून कोण कुठलं ते कळणार नाही. आता प्रत्येकातलं 10 मिलिलिटर घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका, आणि ब्युरेटमधून 0.1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. हायड्रोक्लोरिक आम्ल तीन थेंबांत गुलाबी होतं, कारण त्यात होतं नव्हतं ते सगळं आधीच बाहेर हिंडत होतं. ॲसेटिकला पुरे 10 मिलिलिटर लागतात. बाहेरचे आयन खपले की आतले रेणू फुटून त्यांची जागा भरत राहतात, शेवटचा संपेपर्यंत. मिथिल ऑरेंज मात्र इथं नको. ॲसेटिकचा शेवट सातच्या वरच्या सामूला होतो, आणि मिथिल ऑरेंज त्याच्या कितीतरी आधी रंग बदलून मोकळं होतं.

आणखी एक शब्द या सगळ्यात गोंधळ घालतो, तो म्हणजे 'टक्के'. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली असते, तिच्यावर 4 टक्के वगैरे लिहिलेलं असतं. ते 100 मिलिलिटरला 4 ग्रॅम आम्ल धरलं, तर लिटरला 40 ग्रॅम. मोलर वस्तुमान 60, म्हणजे 0.67 मोलार. वरच्याच वाटेनं गेलं की सामू 2.46 आणि विचरण 0.52 टक्के. बाटलीवरचे 4 टक्के म्हणजे द्रावणात आम्ल किती, आणि 0.52 टक्के म्हणजे त्या आम्लातलं फुटलेलं किती. पहिला आकडा विरल-संहतच्या घरातला. दुसऱ्यात स्वभाव आणि गर्दी दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून सोबत मोलारिटी सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. निव्वळ स्वभावाचा आकडा Ka तेवढा एकच, तो पाणी घालून हलत नाही. तापमान बदललं तर मात्र हलतो, म्हणून त्याच्या शेजारी 25 अंश लिहायचं.