आतड्याचा टीबी की क्रोन्स? दोन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी का करतात

प्रश्न: माझ्या भावाला (वय २६, ऐरोली) आतड्याच्या टीबीची औषधं सुरू केलीत. डॉक्टर म्हणतात क्रोन्सही असू शकतो, दोन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करू. बायोप्सी झालीय, मग नक्की का सांगत नाहीत?

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. असे बायोप्सीचे तुकडे नेहमी माझ्याकडे येतात.

क्रोन्स म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा, जंतुसंसर्ग नसलेला आजार. तो आणि टीबी, दोन्ही बहुधा एकाच जागी होतात, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे. पोटदुखी, जुलाब, वजन घटणं, बारीक ताप, सगळं सारखंच. मायक्रोस्कोपखालीही दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे पुंजके दिसू शकतात. टीबीतले पुंजके मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि कधी मधोमध मेलेले असतात; क्रोन्समधले लहान, सुटे, मोजके. पण कोलोनोस्कोपीत वरवरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा निघतो. त्यात बऱ्याचदा नुसती सूज सापडते, आणि मग मी ठाम काही लिहू शकत नाही.

जंतू शोधायचे, तर आतड्यात ते फार थोडे असतात. टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणी पॉझिटिव्ह आली तर टीबी जवळजवळ नक्की. निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं ठरत नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, सहा आठवडे लागतात आणि त्यासाठी तुकडे सलाइनमध्ये पाठवावे लागतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात.

कळव्याच्या एका ३१ वर्षांच्या रुग्णाचे सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्येच आले होते. पुंजके लहान, एक्सपर्ट निगेटिव्ह, कल्चर शक्यच नव्हतं. टीबीची औषधं सुरू झाली. दोन महिन्यांत वजन तीन किलो वाढलं, दुखणं कमी झालं, घरच्यांना वाटलं निदान बरोबर. कोलोनोस्कोपीत मात्र जुने व्रण तसेच, शिवाय नवे दोन. टीबीच्या औषधांनी क्रोन्सच्या काही रुग्णांनाही काही काळ बरं वाटतं, म्हणून नुसत्या लक्षणांवर भरवसा ठेवता येत नाही. व्रण भरणं हाच खरा पुरावा. या वेळी तुकडे सलाइनमध्येही पाठवले. व्रण भरले नाहीत तर औषधांना न जुमानणारा टीबीही असू शकतो, म्हणून ते बघणं भाग होतं. कल्चर निगेटिव्ह आलं, तेव्हा क्रोन्सचे उपचार सुरू झाले.

आधी क्रोन्सचंच औषध देऊन का बघत नाहीत, असं घरचे विचारतात. क्रोन्सला बहुधा स्टिरॉइड देतात, आणि टीबी असताना ते दिलं तर तो अंगभर पसरू शकतो. म्हणून शंका असेल तर आधी टीबीची औषधं.

भावाच्या पहिल्या कोलोनोस्कोपीचे फोटो सोबत न्या, त्याच जागा ताडून बघता येतील. आतडं अरुंद झालं असेल तर टीबी बरा होऊनही ते तसंच राहू शकतं, ते बघून घाबरू नका. व्रण भरलेत का तेच विचारा. भरले असतील तर उरलेले चार महिने एकही डोस न चुकवता पूर्ण करायचे. भरले नसतील तर काही तुकडे सलाइनमध्ये पाठवणार का, हे तपासणीच्या आधीच डॉक्टरांना विचारा.