भूमितीच्या पेपरातली हरवलेली २१ मिनिटं

"मॅडम, मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड. घरी सगळं सोडवते पण पेपर कधीच पूर्ण होत नाही, प्रिलिमला भूमितीत शेवटचे प्रश्न तसेच राहिले. आदल्या रात्री तर झोपतच नाही. काय करू?"

ताई, मागच्या वर्षी भांडुपचा एक मुलगा आलेला माझ्याकडे, अगदी हीच तक्रार घेऊन. बाबा म्हणाले याचा स्पीड कमी आहे. मी म्हटलं आधी प्रिलिमची उत्तरपत्रिका आणा, मार्क नकोत मला, पानं बघायचीत.

पानं बघितली आणि आम्ही दोघं हसायलाच लागलो. प्रश्न २ ब मध्ये पाचपैकी चार सोडवायचे असतात, याने पाचही सोडवलेले. ३ अ मध्ये दोनपैकी एक, याने दोन्ही. का रे? तर "एखादं चुकलं तर दुसरं असावं ना." मग एका प्रमेयावर दीड पान लिहून आडवी रेघ. आणि शेवटी चौथ्या प्रश्नातलं एक गणित आणि अख्खा पाचवा प्रश्न कोरा, म्हणजे ४ आणि ३, सात मार्क गेले.

आता हिशोब बघा, पेपर ४० मार्कांचा, दोन तास, म्हणजे एका मार्काला ३ मिनिटं. सात मार्क म्हणजे २१ मिनिटं. जादा सोडवलेलं एक दोन मार्कांचं आणि एक तीन मार्कांचं, यातच १५ मिनिटं गेली, उरलेली त्या खोडलेल्या दीड पानात. स्पीड ठीकच होता हो पोराचा, न मागितलेलं लिहीत बसला होता.

मग आम्ही घड्याळाला चार थांबे दिले, अगदी स्लो लोकलसारखे. पेपर ११ ला सुरू. पहिला आणि दुसरा प्रश्न मिळून २० मार्क, ते १२ ला संपलेच पाहिजेत. तिसरा १२:२७ ला, चौथा १२:५१ ला, पाचवा १ वाजता. २०२३ पासून बोर्ड शेवटी १० मिनिटं जादा देतं ना, ती १:१० पर्यंतची फक्त राहिलेलं आणि तपासायला. थांब्याची वेळ झाली आणि गणित अर्धं असेल तर तिथेच अर्धं पान जागा सोडायची नि पुढे सरकायचं. पर्याय असेल तिथे आधी सगळे वाचायचे, निवडायचे, मग निवडलेलेच लिहायचे. एमसीक्यूला पहिलंच उत्तर धरतात त्यामुळे तिथे आधी विचार, मग पेन.

हे ऐकून जमत नाही हं. त्याने दोन रविवार बरोबर ११ वाजता जुने पेपर लावून बसून सोडवले. पहिल्या रविवारी १२ चा थांबा १२:१५ ला गाठला आणि चिडून मला फोन. दुसऱ्या वेळी जमलं. घड्याळ साधं काट्यांचं, कारण स्मार्टवॉच आत चालत नाही आणि भिंतीवरचं दिसेलच असं नाही.

आदली रात्र हा त्याचा दुसरा घोळ होता. प्रिलिमच्या आधी रात्री दीडपर्यंत एक नवीनच गणित घेऊन बसला होता, सुटलं नाही आणि तेच डोक्यात घेऊन हॉलमध्ये गेला. आता नियम एकच केला, नऊनंतर नवीन गणित बंद. फक्त प्रमेयांची विधानं आणि त्यांच्या आकृत्या हाताने काढून बघायच्या. मग हॉल तिकीट, पॅड, दोन चालू पेनं, टोक केलेली पेन्सिल, कंपास (स्क्रू घट्ट आहे का बघून!) बॅगेत, आणि साडेदहाला दिवा बंद. झोप नाही आली तरी पडून राहायचं, पुस्तक उघडायचं नाही. सकाळी साडेदहाला सेंटरवर पोचायचं होतं, मुलुंडला, तरी आम्ही सव्वानऊची गाडी ठरवली, मध्य रेल्वेचा भरवसा किती ते तुम्हाला सांगायला नको.

पेपरच्या दिवशी तिसऱ्या प्रश्नातलं एक प्रमेय अडकलंच. त्याने जागा सोडली, पुढे गेला, एक वाजता परत आला. बाहेर येऊन फोन, "मॅडम प्रमेय शेवटपर्यंत नाही झालं, पण पाचवा झाला." प्रमेयाचा एखाददुसरा मार्क गेला असेल, जाऊ दे.

एक मात्र आधी तपासा ताई. राहिलेले प्रश्न मुलीला घरी वेळ न लावता द्या. सुटले तर वरचा उपाय चालेल. नाही सुटले तर तो अभ्यासाचा भाग आहे, घड्याळ काही करणार नाही. आणि तिला येत असूनही लिहायलाच खूप वेळ लागत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर शाळेशी बोला, अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटवर जादा वेळ मिळतो पण अर्ज शाळेमार्फत आधीच करावा लागतो, पेपरच्या आठवड्यात काही होत नाही. येताना तिची प्रिलिमची भूमितीची उत्तरपत्रिका घेऊन या, खोडलेल्या पानांसकट.