हप्ता ठरवण्याआधी तासांची वही काढ

अंबडला गाळा घेतलास, पण मिलिंग मशीनची घाई करू नकोस. आधी तीन महिने शेजारच्या शॉपमध्ये तासाच्या भाड्यावर काम करून घे आणि तास वहीत लिही.

मशीनच्या कर्जावर ‘फक्त 10 टक्के’ व्याज म्हणणाऱ्याला ते फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे नक्की विचार. फ्लॅट असेल तर 5 लाखांवर 3 वर्षांत दीड लाख व्याज, हप्ता सुमारे 18,050. मुद्दल फिटलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच, म्हणून खरा दर जवळपास 18 टक्के. घटत्या शिलकीवर हाच हप्ता 16,130 बसतो.

भाडं तासाला 300 असेल, तर महिन्याला साठ तास, म्हणजे हप्त्याइतकं भाडं, भरेपर्यंत मशीन घेऊ नकोस. ऑपरेटर, वीज वेगळीच. आणि रोख असली तरी सगळी मशीनमध्ये घालू नकोस रे. पार्टीचं पेमेंट अडकलं की कच्चा माल कशाने आणशील?